पहिल्या वीस अर्जांवरून बाराशे अर्जांच्या वेळेचा अंदाज कसा बांधावा

समजा, हाताने भरलेले १,२०० जुने अर्ज एकट्याने स्प्रेडशीटमध्ये उतरवायचे आहेत. प्रत्येक अर्जात नाव, पत्ता, तारखा आणि आठ-दहा रकाने आहेत. काम सुरू होण्याआधीच विचारणा होते की हे किती दिवसांत संपेल. अशा वेळी बहुतेक नवे लोक पहिले पाच अर्ज भरून पाहतात, लागलेल्या वेळेला पाचने भागतात आणि आलेल्या आकड्याला १,२०० ने गुणतात. यातला गुणाकार चुकीचा नसतो. चूक असते ती त्या पाच अर्जांना संपूर्ण गठ्ठ्याचे प्रतिनिधी मानण्यात. खाली हेच एक उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. त्यातले आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत कोणत्याही एकसारख्या आणि मोठ्या कामाला लागू पडते.

घड्याळ कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे

वेळ मोजण्यापूर्वी एक नग म्हणजे नेमके काय, हे ठरवून लिहून ठेवावे. आपल्या उदाहरणात अर्ज हातात घेतला की घड्याळ सुरू होते, आणि ओळ पूर्ण भरून, एकदा नजर फिरवून, अर्ज ‘झालेल्या’ गठ्ठ्यात ठेवला की थांबते. नजर फिरवण्याचा वेळ आज मोजला आणि उद्या मोजला नाही, तर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. फोन आला किंवा पाणी प्यायला उठलो तर घड्याळ थांबवावे, कारण त्या वेळेचा हिशेब पुढे वेगळा करायचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की वीस अर्जांना मिळून किती वेळ लागला एवढेच न लिहिता प्रत्येक अर्जाचा वेळ वेगळा लिहावा. मोबाइलच्या स्टॉपवॉचमधले ‘लॅप’ बटण यासाठी पुरेसे आहे. एकूण बेरजेतून सरासरी मिळते, पण अर्जाअर्जांत फरक किती आहे हे कळत नाही, आणि अंदाज किती भरवशाचा आहे हे त्या फरकावरच ठरते. वेळेच्या शेजारी एक शेऱ्याचा रकाना ठेवावा आणि जास्त वेळ लागला तर कारण दोन शब्दांत लिहावे, जसे ‘खाडाखोड’ किंवा ‘जोडपत्र’. हा रकाना किती कामाचा आहे, ते पुढे दिसेल.

हात बसेपर्यंतचे अर्ज मोजणीत धरू नयेत

पहिल्या पाच अर्जांना अनुक्रमे ९, साडेसात, साडेसहा, साडेपाच आणि ५ मिनिटे लागली, असे धरू. सरासरी ६.७ मिनिटे येते आणि त्या हिशेबाने संपूर्ण कामाला १३४ तास लागतील. पण आकडे प्रत्येक अर्जागणिक उतरत आहेत, म्हणजे आपण अर्जांचा वेळ मोजत नसून स्वतःच्या शिकण्याचा वेळ मोजत आहोत. कोणता रकाना कुठे आहे, तारीख कोणत्या पद्धतीने लिहायची, कोणती कळ दाबली की पुढच्या खान्यात जाता येते, हे सगळे या पाच अर्जांत शिकले जात असते.

या उताराचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. थिओडोर राइट या विमान अभियंत्याने १९३६ साली विमाननिर्मितीबद्दल असे मांडले की एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की प्रत्येकी लागणारे श्रम ठरावीक प्रमाणात कमी होतात, आणि त्याच्या आकडेवारीत ही घट सुमारे २० टक्के होती. आपल्या कामात घटीचे प्रमाण तेवढेच असेल असे नाही, पण ‘दुप्पट झाली की’ ही अट लक्षात घेण्यासारखी आहे. एकापासून सोळाव्या नगापर्यंत जाताना संख्या चार वेळा दुप्पट होते. त्यानंतर आणखी चार वेळा दुप्पट होण्यासाठी थेट २५६ व्या नगापर्यंत जावे लागते. म्हणून घसरण सुरुवातीला तीव्र दिसते आणि नंतर जवळजवळ सपाट होते, आणि म्हणूनच अगदी पहिले नग अंदाजासाठी सर्वांत कमी उपयोगाचे असतात.

हात बसला की नाही हे ओळखण्यासाठी शेवटच्या पाच साध्या अर्जांची सरासरी त्याआधीच्या पाच साध्या अर्जांच्या सरासरीशी ताडून पाहावी. दोन्ही जवळपास सारख्या आल्या की खरी मोजणी सुरू करावी. अर्ज भरण्यासारख्या कामात दहा-पंधरा नग पुरतात, असे माझे मत आहे. त्यापुढेही वेग वाढत राहील असे गृहीत धरून अंदाज आणखी खाली आणण्याचा मोह टाळावा, कारण वाचायला आणि टंकायला लागणारा वेळ ठरावीक मर्यादेखाली जात नाही, आणि पुढे येणारा थकवा उरलेला थोडा फायदाही खाऊन टाकतो.

वीस अर्ज कुठून काढायचे

गठ्ठ्याचा वरचा भाग हा संपूर्ण गठ्ठ्याचा नमुना नसतो. अर्ज बहुधा वर्षानुसार, विभागानुसार किंवा आले तसे रचलेले असतात, आणि वरचे अर्ज तळाच्या अर्जांपेक्षा नवे, स्वच्छ आणि वेगळ्या छापाचे असू शकतात. म्हणून पहिले वीस अर्ज असे म्हणताना ते वरचे वीस नसून हात बसल्यावर आपण पहिल्यांदा हातात घेतलेले वीस असावेत, आणि ते संपूर्ण गठ्ठ्यातून काढलेले असावेत.

१,२०० ला २० ने भागले की ६० येतात. १ ते ६० यांपैकी एक आकडा चिठ्ठी टाकून काढावा. समजा २३ आला, तर २३ वा, ८३ वा, १४३ वा अशा क्रमाने प्रत्येक साठावा अर्ज काढत जावे. मोजत बसणे जड जात असेल तर गठ्ठ्याची उंची वीस सारख्या भागांत विभागून प्रत्येक भागातून न पाहता एक अर्ज ओढावा. हे अर्ज भरून झाल्यावर त्यांवर खूण करून ते जागच्या जागी परत ठेवावेत, म्हणजे नमुन्यासाठी केलेले काम वाया जात नाही आणि एकच अर्ज दोनदा भरला जात नाही. अर्ज ओढल्यावर तो फार किचकट दिसतो म्हणून बाजूला ठेवून दुसरा घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. तसे एकदा केले तरी नमुना बिघडतो.

सरासरी घ्यावी, मध्यक नको

अशा रीतीने काढलेल्या वीस अर्जांचे वेळ असे आले: पाच अर्जांना प्रत्येकी ३ मिनिटे, सहा अर्जांना साडेतीन, चार अर्जांना ४, दोन अर्जांना साडेचार, एकाला ५, आणि उरलेल्या दोघांना ११ व १४ मिनिटे. बेरीज ९१ मिनिटे होते आणि सरासरी ४.५५ मिनिटे.

हे आकडे पाहून अनेकांना वाटते की ११ आणि १४ हे अपवाद आहेत, ते वगळावेत किंवा मध्यक घ्यावा. मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, आणि ती इथे साडेतीन मिनिटे आहे. ‘साधारण अर्जाला किती वेळ लागतो’ या प्रश्नाचे ते योग्य उत्तर आहे. पण आपला प्रश्न एकूण वेळेचा आहे, आणि एकूण वेळ म्हणजे नगांची संख्या गुणिले सरासरी. मध्यकावरून ७० तास येतात, तर सरासरीवरून ९१ तास. मधले २१ तास कुठे गेले, तर ते वीसातल्या त्या दोन अर्जांसारख्या अर्जांत आहेत. गठ्ठ्यात तसे अर्ज असणारच आणि ते भरावे लागणारच, म्हणून त्यांना वगळणे म्हणजे करावयाच्या कामाचा एक भाग हिशेबातून काढून टाकणे होय. एखादा वेळ वगळण्याचे योग्य कारण एकच: मोजताना चूक झाली, उदाहरणार्थ घड्याळ थांबवायचे राहिले.

अंदाज किती हलू शकतो

आता ९१ तास हा आकडा कितपत पक्का आहे ते पाहू. वीस वेगळे अर्ज निघाले असते तर सरासरी वेगळी आली असती. ती साधारण किती वेगळी आली असती हे कळण्यासाठी, वेळ सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत हे सांगणाऱ्या प्रमाण विचलनाला नमुन्यातील संख्येच्या वर्गमुळाने भागावे. वेळ मिनिटांत C2 ते C21 या खान्यांत लिहिले असतील, तर स्प्रेडशीटमध्ये ही दोन सूत्रे पुरतात:

```
=AVERAGE(C2:C21)
=STDEV.S(C2:C21)/SQRT(20)
```

पहिल्याचे उत्तर ४.५५ येते आणि दुसऱ्याचे सुमारे ०.६३. ढोबळ नियम असा की खरी सरासरी नमुन्याच्या सरासरीपासून या दुसऱ्या आकड्याच्या दुपटीच्या आत असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. म्हणजे सरासरी ३.२९ ते ५.८१ मिनिटांच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि संपूर्ण काम ६६ ते ११६ तासांच्या दरम्यान. आपल्यासारखे काही वेळ फार लांब असतील तर हा नियम वरच्या बाजूला थोडा कमीच पडतो, त्यामुळे ११६ ला अगदी शेवटची मर्यादा मानू नये.

एवढ्या रुंद पट्ट्यावर कोणतेही नियोजन करता येत नाही. यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे आणखी अर्ज मोजणे, पण तो महाग आहे. इथे वर्गमूळ आड येते: पट्टा निम्मा करण्यासाठी नमुना चौपट करावा लागतो. दोन्ही बाजूंना साधारण साडेसहा तासांइतकी अचूकता हवी असेल, तर याच हिशेबाने सुमारे ३०० अर्ज मोजावे लागतील, म्हणजे अंदाज हाती येईपर्यंत चौथा हिस्सा काम होऊन गेलेले असेल.

मोजण्याआधी वर्गवारी: इथे खरा फायदा आहे

आता शेऱ्याचा रकाना पाहावा. ११ आणि १४ मिनिटांच्या दोन्ही अर्जांपुढे ‘जोडपत्र’ लिहिलेले आहे. म्हणजे वेळेतला फरक आपोआप आलेला नाही. गठ्ठ्यात दोन जातींचे अर्ज आहेत, आणि त्यांतला फरक अर्ज न भरताही डोळ्यांना दिसतो. असे असेल तर एकत्र सरासरी घेण्याचे कारणच उरत नाही.

संपूर्ण गठ्ठा एकदा चाळावा. जोडपत्र आहे की नाही एवढेच पाहायला प्रत्येकी दोन सेकंद लागतात, म्हणजे १,२०० अर्जांना ४० मिनिटे. चाळल्यावर १६८ अर्ज जोडपत्रासह निघाले आणि १,०३२ साधे, असे धरू. वीसात दोन, म्हणजे दहा टक्के, या आकड्यावर विसंबलो असतो तर जोडपत्राचे १२० च अर्ज आहेत असे समजलो असतो. इथे मात्र अंदाजाऐवजी प्रत्यक्ष मोजणी हाती आली.

जोडपत्राचे दोनच अर्ज भरून झाले आहेत, म्हणून त्या जातीतले आणखी सहा अर्ज चिठ्ठीनेच निवडून भरावेत. त्यांना ९, १२, १०, साडेतेरा, साडेआठ आणि १४ मिनिटे लागली. आठही मिळून सरासरी साडेअकरा मिनिटे होते. साध्या अठरा अर्जांची बेरीज ६६ मिनिटे, म्हणून सरासरी ३.६७. आता १,०३२ साध्या अर्जांना सुमारे ३,७८४ मिनिटे आणि १६८ जोडपत्रांच्या अर्जांना १,९३२ मिनिटे, एकूण ५,७१६ मिनिटे, म्हणजे साधारण ९५ तास.

आकडा ९१ वरून ९५ झाला, पण महत्त्वाचा बदल पट्ट्यात आहे. प्रत्येक जातीसाठी वरचेच दुसरे सूत्र वापरून आलेल्या आकड्याला त्या जातीच्या संख्येने गुणले की साध्या अर्जांच्या बेरजेत सुमारे १४५ मिनिटांची आणि जोडपत्रांच्या बेरजेत सुमारे १३२ मिनिटांची संभाव्य चूक येते. दोन्हींचे वर्ग करून, बेरीज घेऊन वर्गमूळ काढले की १९६ मिनिटे येतात, आणि त्यांची दुप्पट सुमारे साडेसहा तास. आता पट्टा ८९ ते १०२ तासांचा झाला. ४० मिनिटांच्या चाळणीने आणि सहा जादा अर्जांनी तेवढी अचूकता दिली, जी आंधळेपणाने ३०० अर्ज मोजून मिळाली असती. म्हणून नमुना वाढवण्यापूर्वी, वेळ कशामुळे बदलतो आणि ते कारण बाहेरून दिसते का, हे विचारून पाहण्याची सवय लावावी असा माझा आग्रह आहे.

वीसात एकही अवघड अर्ज आला नसता तर काय? तेव्हा ‘अवघड अर्ज नाहीतच’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: नमुन्यात एखादी गोष्ट एकदाही दिसली नाही, तरी संपूर्ण साठ्यात तिचे प्रमाण ३ भागिले नमुन्यातील नगांची संख्या इतके असू शकते. वीसात शून्य याचा अर्थ १५ टक्क्यांपर्यंत असू शकतात, म्हणजे १,२०० त १८० अर्ज, आणि आपल्या आकड्यांनुसार त्यांच्यामुळे २३ तासांहून जास्त वेळ वाढू शकतो. चाळून पाहण्याचे हेही एक कारण आहे.

कामाच्या तासांवरून दिवस

९५ तास हे घड्याळ चालू असतानाचे तास आहेत. टेबलाशी बसलेले तास त्याहून जास्त असतात, कारण गठ्ठा आणणे, फाइल उघडणे, फोन, विश्रांती, शंका विचारून येणे हे सगळे मध्ये येते. याचे प्रमाण अंदाजाने ठरवण्याऐवजी मोजावे. बैठकीची सुरुवात आणि शेवट लिहून ठेवावा, आणि त्यातले अर्जांवर गेलेले तास वेगळे काढावेत. तीन तासांच्या बैठकीत अर्जांवर २ तास २५ मिनिटे गेली असतील, तर प्रमाण सुमारे ८० टक्के आहे. एका बैठकीवर न विसंबता तीन-चार बैठका पाहाव्यात आणि त्यात एखादी दिवसअखेरची असावी, कारण ताजेतवाने असताना मोजलेला वेग संध्याकाळी टिकत नाही.

८० टक्के प्रमाण धरले तर ९५ तासांच्या कामासाठी जवळजवळ ११९ तास बसावे लागेल. रोज चार तास देता येत असतील तर ३० दिवस. पट्ट्याची दोन्ही टोके याच रीतीने बदलली की २८ ते ३२ कामाचे दिवस येतात. विचारणाऱ्याला उत्तर देताना हा पट्टा द्यावा, आणि एकच तारीख मागितली तर वरच्या टोकाची द्यावी. सुट्ट्यांचे दिवस यात धरलेले नाहीत, हेही त्याच वेळी सांगावे. भरलेल्या नोंदी दुसऱ्या कोणी तपासायच्या असतील, तर तपासणी हे वेगळे काम आहे आणि त्याचा नमुना वेगळा घ्यावा लागतो.

काम सुरू झाल्यावर अंदाज पुन्हा तपासताना

नमुन्याच्या अर्जांसह १५० अर्ज झाल्यावर पहिली तपासणी करावी. समजा त्यांत १४१ साधे आणि ९ जोडपत्रांचे होते, आणि प्रत्यक्षात ११ तास ४० मिनिटे, म्हणजे ७०० मिनिटे लागली. इथे घाईने ७०० ला १५० ने भागून ४.६७ मिनिटे काढली आणि उरलेल्या १,०५० अर्जांना लावली, तर सुमारे ८२ तास उरले असे दिसते आणि काम ठरल्याप्रमाणे चालल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात १५० त जोडपत्रांचे अर्ज ६ टक्केच होते, तर गठ्ठ्यात ते १४ टक्के आहेत. अवघड काम मागे राहिले आहे.

बरोबर तुलना अशी करावी. आपल्या अंदाजानुसार १४१ साध्या आणि ९ जोडपत्रांच्या अर्जांना सुमारे ६२० मिनिटे लागायला हवी होती. लागली ७००, म्हणजे आपण अंदाजाच्या १.१३ पट वेळ घेत आहोत. उरलेले ८९१ साधे आणि १५९ जोडपत्रांचे अर्ज मिळून अंदाजाने ५,०९६ मिनिटांचे आहेत, आणि त्यांना १.१३ ने गुणले की जवळजवळ ९६ तास येतात. पावणेबारा तास काम करूनही जवळजवळ मूळ अंदाजाइतकेच तास उरलेले आहेत, आणि एकूण काम आता सुमारे १०८ तासांचे आहे. पूर्वी दिलेल्या पट्ट्याच्या हे बाहेर जाते, म्हणून तारीख बदलत असल्याचे त्याच दिवशी कळवावे. १५० व्या अर्जाला ही गोष्ट सांगितली तर पुढच्या माणसाला मदत जोडता येते किंवा मुदत हलवता येते, हजाराव्या अर्जाला सांगितली तर दोन्ही शक्य नसते.

१.१३ हा फरक कुठून आला तेही शेऱ्याच्या रकान्यातून शोधावे. तो केवळ साध्या अर्जांत असेल तर बहुधा नमुन्याच्या दिवशी आपण नेहमीपेक्षा जास्त एकाग्र होतो, आणि घड्याळ लावलेले असताना तसे होणे स्वाभाविक आहे. तो जोडपत्रांत असेल तर त्या जातीत आणखी एखादा उपप्रकार दडलेला असू शकतो, जसे दोन पानांची जोडपत्रे, आणि मग तेवढेच १५९ अर्ज पुन्हा चाळून त्यांची दोन भागांत विभागणी करावी. अवघड अर्ज शेवटासाठी बाजूला ठेवायची सवय असेल तर ती या कामापुरती सोडावी आणि दोन्ही जातींचे अर्ज रोज त्यांच्या प्रमाणात भरावेत, म्हणजे साधारण सहा साध्यांमागे एक जोडपत्राचा. असे केले तर झालेल्या अर्जांची संख्या आणि उरलेला वेळ यांचे नाते सरळ राहते, आणि पुढची प्रत्येक तपासणी साध्या भागाकाराने करता येते.